रविवर्मा छापखान्याची जुनी तसबीर: किंमत काढण्याआधी या चुका टाळा

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याच्या वाटण्या होतात तेव्हा देवघरातून एखादी लक्ष्मी किंवा सरस्वती खाली उतरते. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्याची ती असेल, तर जाणकाराला दाखवायच्या आधीच घरात तिचं सगळ्यात जास्त नुकसान होतं.

पहिली चूक म्हणजे चौकट उघडणं. या चित्रांवर वार्निशचा थर असतो. अनेक पावसाळ्यांत तो मऊ पडून काचेला चिकटतो. चौकट आडवी ठेवा आणि टॉर्च तिरका धरून पाहा. जिथे चित्र ओलं असल्यासारखं गडद दिसतं, तिथे ते बहुधा काचेला चिकटलेलं आहे. तिथे काच ओढली तर देवीचा चेहराच काचेबरोबर निघून येतो आणि तो परत बसवता येत नाही. मागची लाकडी फळीही काढू नका. चौकट करणाऱ्याची जुनी चिठ्ठी तिच्यावर असू शकते आणि जाणकार ती आवर्जून पाहतो.

दुसरी चूक ओल्या फडक्याची. काचेवर पाणी किंवा क्लीनर फवारला की तो कडेने आत झिरपतो आणि कागदावर तपकिरी डाग पडतात. फडकं किंचित दमट करून काचेची फक्त बाहेरची बाजू पुसा, कडेला बोटभर जागा सोडून. चित्रावर जरी-टिकल्या चिकटवलेल्या असतील, तर चौकट उभी हलवू नका. सुटलेल्या टिकल्या तळाशी जमतात आणि चित्रावर घासतात.

आता नागपूरचं हवामान. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि कागद आक्रसतो. त्याच खोलीत कूलर लावला की दमट हवेने तोच कागद फुगतो. रोजच्या या ओढाताणीत जुना कागद लाटांसारखा वाकतो आणि वार्निशला तडे जातात. म्हणून तसबीर कूलरच्या खोलीत नको आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवरही नको. आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत राहिला तर उत्तम. ६५ च्या वर बरेच दिवस राहिला तर बुरशी धरते.

बुरशी दिसली की आपल्याकडे हमखास ऊन दाखवतात. तसं करू नका! उन्हाने उडालेला रंग परत येत नाही, आणि गुलाबी-लाल छटा बऱ्याचदा आधी जातात. सावलीच्या, हवेशीर खोलीत ठेवा, पण पंख्याचा झोत थेट नको.

ठेवताना धुतलेल्या, खळ काढलेल्या मांजरपाटात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. तसबीर आडवी, चित्र वर करून, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा.

जाणकाराकडे पाठवण्यासाठी पुढचा, मागचा आणि खालच्या समासाचा फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा. छापखान्याचं नाव बहुधा त्या समासातच असतं. चित्र काचेला चिकटलं असेल तर तेही त्यांना आधीच सांगा, म्हणजे चौकट कागद-संवर्धकासमोरच उघडली जाईल.