अण्णांची व्हॉइस नोट, आणि ‘कशाचे साडेचारशे?’

मागच्या दिवाळीआधी माझ्या हातून एक घोळ झाला, म्हणून व्हॉइस नोटवरून जाहिरात कशी लिहायची ते लिहून ठेवतेय. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला एका अण्णांचे माग आहेत. त्यांच्या चादरींची जाहिरात मी लिहून देते, म्हणजे ते बोलतात आणि मी मांडते. त्यांनी चार मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली, मी ती ऐकत ऐकतच टाइप केली आणि टाकली: ‘किंमत 450 रुपये’. फोटोत दोन चादरी एकावर एक घडी घालून ठेवलेल्या. सात जणांनी पैसे भरले, सातही जणांना वाटलं जोडी मिळणार. चौघांना अण्णांनी पदरमोड करून दुसरी चादर पाठवली, तिघांचे पैसे परत केले. मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

तर पहिली गोष्ट. नोट शेवटपर्यंत ऐका, हात बांधून. टाइप करायचं नाही. माणूस बोलता बोलता स्वतःलाच दुरुस्त करतो आणि ती दुरुस्ती बहुतेक वेळा शेवटी असते. अण्णांच्या नोटेचा सुरुवातीचा तुकडा असा होता: “हां ताई, ऐका, ही आपली जेकार्डची चादर, साठ नव्वद, प्युअर कॉटन, दोन्ही बाजूनं वापरा, साडेचारशेला सोडतोय, बाहेर सहाशे आहे की ओ. लाल आहे, हिरवी आहे, मोरपंखी आहे.” मग कुणाला तरी चहा सांगितला, आजोबांच्या हातमागाची गोष्ट झाली, आणि तिसऱ्या मिनिटाला, मागे माग खडखडत असताना, “मोरपंखी संपली बघा, आणि दोन घेतल्या तर साडेआठशे लावू.” हे वाक्य मी ऐकलंच नव्हतं. ते ऐकलं असतं तर साडेचारशे एका चादरीचे, हे आपोआप कळलं असतं.

दुसऱ्यांदा ऐकताना कागद घ्या आणि प्रत्येक आकडा उतरवा. पावणे, सव्वा, दीड, साडे आले की लगेच अंकात लिहा. सव्वाशे म्हणजे 125, सव्वा किलो म्हणजे 1.25 किलो, आणि घाईत हे दोन्ही फक्त ‘सव्वा’ म्हणून कागदावर राहतात. मागाच्या आवाजात ‘साठ’ आणि ‘सात’ ओळखू येत नाहीत, तिथे प्रश्नचिन्ह टाका. आता खरं काम: प्रत्येक आकड्यासमोर लिहा, कशाचा? एका नगाचा, जोडीचा, डझनाचा की किलोचा? आपल्याकडे टॉवेल घाऊकमध्ये किलोवर जातो, चादर नगावर किंवा जोडीवर. बोलणाऱ्याच्या डोक्यात ते इतकं पक्कं असतं की तो सांगतच नाही. 450, कशाचे? पाठवणीचे 70, कशाचे, एका चादरीचे की एका पार्सलचे? ‘वीस शिल्लक’, वीस काय, नग की जोड्या? सव्वा किलो वजन, एकीचं की दोघींचं? ज्या आकड्यासमोर उत्तर नाही तो जाहिरातीत जाणार नाही. बस्स. हा नियम मी भिंतीवर चिकटवलाय.

मग बोलण्याचे ढीग करा: वस्तू, पैसे, पाठवणी आणि परती. आजोबांची गोष्ट टाकून द्या, पण टाकण्याआधी झटकून बघा. त्याच गोष्टीत अण्णा म्हणाले होते, “पहिल्या धुण्याला लालमधून जरा रंग जातो, मग नाही.” हे धुलाईच्या भागात जायला हवं. ‘रंग जात नाही’ असं गुळगुळीत करून लिहिलं तर गिऱ्हाईक पांढऱ्या उशीच्या अभ्र्यासोबत धुणार आणि फोन तुम्हाला येणार. ‘जरा’ म्हणाले तर ‘जरा’ लिहा. आपल्या मनाचं काही घालू नका.

नोटेत एखादी दुसरी वस्तू घुसलीय का, तेही बघा. “त्याच्यात थोडं मिक्स असतं” हे वाक्य अण्णांनी दुसऱ्या, स्वस्त चादरीबद्दल म्हटलं होतं. एकाच जाहिरातीत ‘शंभर टक्के कॉटन’ आणि ‘थोडं मिक्स’ दोन्ही आलं की वाचणारा दोन्हीवर विश्वास ठेवत नाही. दोन वस्तू, दोन जाहिराती.

‘जीआय आहे आपल्याला’ हेही ऐकून लगेच लिहायचं नाही. सोलापुरी चादरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, ते खरं. पण 1999 च्या कायद्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी असते. अण्णांकडे तो कागद असेल तर फोटो मागवा, नसेल तर ‘जीआय’ शब्द आणि चिन्ह दोन्ही गाळा.

आता उरलेल्या प्रश्नचिन्हांचा एकच मेसेज, आणि तो लिहूनच. बोलून विचारलं तर आणखी चार मिनिटांची नोट येते, अनुभव आहे. प्रश्न असे की एका शब्दात उत्तर येईल: “अण्णा, 450 एका चादरीचे ना? 70 एका पार्सलचे ना, दोन चादरी असल्या तरी? 20 म्हणजे नग? वजन एकीचं? 60 बाय 90 इंच हे धुण्याआधीचं माप ना?” शेवटचा प्रश्न विचाराच, कॉटन पहिल्या धुण्यात आटतं आणि टेप घेऊन बसणारी गिऱ्हाईकं असतात.

उत्तरं आली की मांडणी पटकन होते. वर एक ओळ: सोलापुरी जेकार्ड चादर, कॉटन, 60 बाय 90 इंच. मग माप, कंसात फुटात (5 बाय साडेसात), आणि ‘धुण्याआधी’ हा शब्द. वजन: एका चादरीचं 1.25 किलो. रंग: लाल, हिरवा; मोरपंखी नाही. धुलाई: पहिल्यांदा वेगळी धुवा, लालमधून थोडा रंग जातो. किंमत: एका चादरीचे 450 रुपये, दोन चादरींचे 850 रुपये. ‘एका’ आणि ‘दोन’ हे शब्द अंकाला चिकटून. ‘450/-’ एवढंच लिहिलेलं दिसलं तर खोडा. शिल्लक: 20 नग. पाठवणी: एका पार्सलचे 70 रुपये, दोन चादरींपर्यंत. परती: अण्णा काही बोलले नव्हते, विचारलं, तीन दिवसांत, न धुतलेली.

फोटो: एका किमतीसमोर एकच चादर, उलगडलेली. दोन दिसल्या तर खाली लिहा की फोटोत दोन रंग आहेत, किंमत एकीची.

टाकण्याआधी सगळं अण्णांना पाठवा आणि ‘होय’ येईपर्यंत थांबा. अंगठा चालतो. “बघतो” चालत नाही.