जुन्या एव्ही टीव्हीला फायर स्टिक जोडताना या चुका टाळा

आत्याकडे साताऱ्याला 21 इंची, पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे. मागे पिवळी, पांढरी आणि लाल अशी तीन भोकं, एचडीएमआय नाही, यूएसबीही नाही. चित्र मात्र आजही ठणठणीत. तिला हुकलेल्या मालिकांचे भाग बघायचे होते, म्हणून मी फायर टीव्ही स्टिक घेऊन गेलो. अर्ध्या तासाचं काम दोन दिवस चाललं. त्या दोन दिवसांत जे अडलं ते जवळजवळ प्रत्येक जुन्या टीव्हीवर अडतं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली चूक खरेदीतच होते

एका टोकाला एचडीएमआयची पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगांच्या पिना अशी साधी वायर दुकानात मिळते. ती घेऊ नका. स्टिकमधून निघणारा सिग्नल डिजिटल असतो आणि पिवळ्या पिनेला ॲनालॉग चित्र लागतं. मधे ते बदलणारी चिप हवी, नुसत्या तांब्याच्या तारेतून हे होत नाही. तुम्हाला हवी ती काडेपेटीपेक्षा थोडी मोठी कन्व्हर्टरची डबी.

डबीवर काय छापलंय ते नीट वाचा. HDMI2AV लिहिलेली डबी आपल्या कामाची. AV2HDMI ही दिसायला अगदी तशीच असते, पण उलट दिशेने चालते, म्हणजे जुना डीव्हीडी प्लेअर नव्या टीव्हीला जोडण्यासाठी. ती कितीही वेळा उलटसुलट लावली तरी पडदा निळाच राहणार.

घेताना आणखी एक गोष्ट विचारा, ती म्हणजे एचडीसीपी चालतं का. सिनेमाची कॉपी होऊ नये म्हणून स्टिक समोरच्या यंत्राची ओळख पटवते, त्याला एचडीसीपी म्हणतात. काही स्वस्त डब्यांना ही ओळख देता येत नाही. मग मेनू दिसतो, यूट्यूबही चालतं, पण पैसे भरलेल्या ॲपवर सिनेमा लावला की पडदा काळा होतो किंवा एचडीसीपीचा संदेश येतो. यावर सेटिंगमध्ये उपाय शोधत बसू नका, डबी बदलून घ्या.

वीज दोन्हीकडे लागते

स्टिकसोबत 5 व्होल्ट, 1 ॲम्पिअरचा अडॅप्टर येतो. जुन्या टीव्हीजवळ प्लगची टंचाई असल्याने लोक स्टिकची वायर सेटटॉप बॉक्सच्या यूएसबीत खुपसतात. तिथून बहुधा अर्धा ॲम्पिअरच मिळतो. स्टिक सुरू होते, लोगो येतो, पडदा काळा होतो, पुन्हा लोगो. हे चक्र दिसलं की स्टिक बिघडली असं समजू नका, आधी तिचा स्वतःचा अडॅप्टर लावा.

डबीलाही स्वतंत्र वीज द्या. गंमत अशी की काही डब्या यूएसबी न लावताही चालू होतात, कारण एचडीएमआयच्या एका पिनेतून थोडी वीज येते. पण नियमाप्रमाणे तिथून फक्त 55 मिलिॲम्पिअरची हमी असते. त्यामुळे चित्र दहा मिनिटं येतं आणि मग तडतडून जातं. मोबाइलचा कुठलाही जुना चार्जर डबीला पुरतो.

रंग गेले, तेव्हा

आत्याकडे सगळं जोडल्यावर चित्र आलं, स्थिरही होतं, पण कृष्णधवल. आत्या म्हणाली, "अरे, टीव्हीची ट्यूब गेली की काय?" ट्यूब गेली नव्हती, कारण केबलवर सगळे रंग व्यवस्थित दिसत होते.

कारण डबीच्या कडेला होतं. तिथे नखाने सरकवायचं एक बारीक बटण असतं, एका बाजूला पाल आणि दुसऱ्या बाजूला एनटीएससी. भारतातले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला 50 वेळा चित्र रंगवणारे. एनटीएससीत हा आकडा 60 च्या जवळ असतो आणि रंगाची माहितीही वेगळ्या फ्रीक्वेन्सीवर येते. बरेच टीव्ही 60 चा वेग कसाबसा पकडतात, पण रंग ओळखू शकत नाहीत. काहींवर तर चित्र खालून वर फिरत राहतं. बटण पालकडे सरकवा आणि डबीची वीज काढून पुन्हा लावा. वीज काढल्याशिवाय काही डब्या बदल मानत नाहीत, आमचीही मानत नव्हती.

तरीही रंग आले नाहीत तर पिवळी पिन कुठे गेली आहे ते बघा. काही टीव्हींना हिरवी, निळी, लाल अशी कंपोनंटची भोकंही असतात. पिवळी पिन हिरव्यात गेली की नेमकं असंच कृष्णधवल चित्र येतं. आणि ती चुकून आवाजाच्या भोकात गेली तर स्पीकरमधून घर्रघर्र ऐकू येतं. मागे ‘इन’ आणि ‘आउट’ अशा दोन रांगा असतील तर पिना ‘इन’मध्येच हव्यात.

चित्र आहे, आवाज नाही

दुसऱ्या दिवसाचा घोटाळा हा. यूट्यूबवर भजन लावलं तर आवाज छान, सिनेमा लावला की शुकशुकाट. मी वायरी हलवत बसलो, आणि तिथेच माझं चुकलं. एका ॲपवर आवाज येतो म्हणजे वायरी ठीक आहेत. सिनेमाचा आवाज डॉल्बीत जात होता आणि या डब्यांना साधा दोन चॅनलचा पीसीएम आवाजच कळतो. स्टिकमध्ये Settings, मग Display & Sounds, मग Audio, मग Surround Sound उघडून PCM निवडलं आणि आवाज लगेच आला. स्टिकच्या आवृत्तीनुसार ही नावं थोडी वेगळी दिसू शकतात.

टीव्हीला आवाजाचं एकच भोक असेल तर पांढरी पिन लावा, लाल मोकळी सोडा. संवाद सहसा दोन्ही बाजूंना सारखेच असतात, त्यामुळे मालिका समजायला अडचण येत नाही.

पडदा पूर्ण काळा असेल तर

फोर-के स्टिक असेल तर ती डबीला न झेपणारं चित्र पाठवत असू शकते. बहुतेक डब्या 1080p पर्यंतच घेतात. पडदाच काळा असताना सेटिंग उघडणार कशी? फायर टीव्हीच्या रिमोटवर वरचा बाण आणि रिवाइंडचं बटण दहा सेकंद एकत्र दाबून धरा. स्टिक एकेक रिझोल्यूशन आपणहून बदलत जाते. चित्र दिसलं की तिथेच ओके करा. 720p ठेवलं तरी चालेल, कारण पिवळ्या वायरीतून शेवटी 576 रेषांचंच चित्र जातं.

वायफायचा पासवर्ड आणि खात्याचं लॉगिन मात्र शेजाऱ्यांच्या नव्या टीव्हीवर आधीच उरकून घ्या. 21 इंची ट्यूबवर ती बारीक अक्षरं फुटतात आणि आकडा 6 आहे की 8 हे कळत नाही.

शेवटी चेहरे उभट दिसू लागले. रुंद 16:9 चं चित्र डबी 4:3 च्या पडद्यात दाबून बसवते, म्हणून. टीव्हीच्या रिमोटवर 16:9 चा पर्याय असेल तर तो लावा, वरखाली काळ्या पट्ट्या येतील पण माणसं माणसांसारखी दिसतील. आत्याच्या टीव्हीत तो पर्याय सापडला. पट्ट्या बघून ती आधी नाराज झाली, मग म्हणाली, "राहू दे, नायिका आता बारीक नाही दिसत."