फ्लिच बीमचं गणित: या चुका टाळा

फ्लिच बीम म्हणजे दोन लाकडी फळ्यांमध्ये पोलादी प्लेट उभी घालून बोल्टने आवळलेली तुळई. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत ती उपयोगी पडते, आणि तिच्या हिशेबात त्याच त्या चुका पुन्हा दिसतात.

सगळ्यात महागडी चूक शेवटच्या ओळीत होते. एका वाड्याच्या कामाचा कागद माझ्याकडे तपासायला आला होता. ५० × २०० मिमीच्या दोन फळ्या, मध्ये १० × १५० ची प्लेट, मोमेंट ८ किलोन्यूटन-मीटर. पोलादाचा ई २०० आणि लाकडाचा १० जीपीए, म्हणून दोन्हींचं गुणोत्तर n = २०. हिशेब करणाऱ्या पोराने प्लेटच्या जागी n पट लाकूड धरून सगळा सेक्शन लाकडात बदलला होता तो बरोबर: फळ्यांचा आय ६.६७ कोटी, प्लेटचा २८.१ लाख गुणिले २० म्हणजे ५.६२ कोटी, एकूण १२.२९ कोटी मिमी⁴. लाकडाच्या कडेला, १०० मिमीवर, ताण ६.५ एमपीए. हेही बरोबर.

प्लेटच्या कडेला, ७५ मिमीवर, त्याने ४.९ लिहिलं आणि थांबला. हा आकडा त्या उंचीवरच्या लाकडाचा. पोलादाचा ताण हवा तर पुन्हा २० ने गुणायचं, म्हणजे ९८ एमपीए. पण ४.९ पाहून साहेबांनी ‘प्लेट उगाच जाड आहे’ म्हणत ती ५ मिमी केली. तसं केलं की आय ९.४८ कोटीवर येतो आणि लाकडातला ताण ८.४ होतो. तिथे मर्यादा ८ ची होती. प्लेट वाचवायला गेले आणि लाकूड नापास झालं. मी तर n चा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लाल पेनने लिहून ठेवतो आणि पोलादाच्या प्रत्येक ताणाशी तो ताडून पाहतो.

n ने रुंदी वाढवायची, उंची नव्हे. यावर जास्त बोलवत नाही.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे क्षमतांची बेरीज. लाकूड एकटं ५.३ पेलतं, प्लेट तिच्या १६० एमपीएच्या मर्यादेला ६, म्हणजे मिळून ११.३ किलोन्यूटन-मीटर! घाईवाल्यांना हा शॉर्टकट फार आवडतो. पण दोघं एकत्रच वाकतात. लाकडाची कड ८ ला पोचते तेव्हा ७५ मिमीवर लाकडात ६ असतो, म्हणून पोलादात १२०. त्याचे उरलेले ४० वापरताच येत नाहीत. खरी क्षमता ९.८.

बोल्ट ‘नुसते धरून ठेवायला’ नसतात. इथे प्लेट फळ्यांपेक्षा बुटकी आहे, वरचा भार आधी लाकडावरच येतो. त्यातला जवळपास ४६ टक्के वाटा बोल्टमधूनच प्लेटकडे जातो, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा करा.

लाकूड वर्षानुवर्षांच्या भाराखाली सैलावतं, म्हणून मी n दुप्पट धरून पोलाद पुन्हा तपासतो. वरच्या उदाहरणातल्या १० मिमी प्लेटच्या बीमला तेव्हा १३४ येतात, १६० च्या आत, म्हणजे चालतं.