०.९१ गुणांचा सर्पगरुड

पक्ष्यांची रेकॉर्डिंगं बर्डनेट या आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या प्रोग्रॅममधून तपासायला लागलो, तेव्हा मी एकच चूक महिनाभर करत होतो. गुणांचा रकाना उतरत्या क्रमाने लावायचा, वरचे पक्षी खरे धरायचे आणि खालचे पुसून टाकायचे. राधानगरीच्या एका रेकॉर्डिंगने ही सवय मोडली.

मार्चचा दुसरा आठवडा होता. कोल्हापुरातून पहाटे साडेचारला निघालो आणि जंगलाच्या कडेला सहा वाजून वीस मिनिटांनी रेकॉर्डर लावला. ४० मिनिटं, वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ. (मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली व्हॉइस नोट या कामाला घेऊ नका. दाबून लहान करताना त्यातल्या वरच्या पट्टीच्या बारीक खुणा जातात. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.)

बर्डनेट रेकॉर्डिंगचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करतो, म्हणजे माझ्या फाइलचे ८०० झाले. प्रत्येक तुकड्यावर तो त्याला ठाऊक असलेल्या प्रत्येक पक्ष्याला ० ते १ मधला गुण देतो, तोही एकेकाला स्वतंत्रपणे. म्हणून एकाच तुकड्यात दोन-तीन पक्षी दिसू शकतात आणि त्यांच्या गुणांची बेरीज १ येईलच असं नाही. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आणि आठवडा मात्र भरायला विसरू नका. त्याचं वर्ष ४८ आठवड्यांचं असतं, महिन्याला चार, म्हणून मी १० भरला. हे रिकामं ठेवलंत तर सह्याद्रीत कधी न आलेले पक्षीही यादीत येऊन बसतात.

माझ्या यादीत सर्वात वर सर्पगरुड होता, ०.९१. मी खूश. पण बाविसाव्या मिनिटाच्या आसपासच्या ओळी नीट बघितल्यावर जरा चमत्कारिक वाटलं. सर्पगरुडानंतर सहा सेकंदांनी शिक्रा ०.६२, पुढच्याच तुकड्यात हरेवा ०.४०, आणि मग भृंगराज, म्हणजे शेपटीला दोन लांब पिसं असलेला कोतवाल, ०.३३. अर्ध्या मिनिटात चार पक्षी, आणि त्यात दोन शिकारी!

सोबत आलेल्या गावातल्या मामांना हेडफोन दिला. त्यांनी दोनदा ऐकलं आणि हसले. "गरुड न्हवं ह्यो. कोतवाल हाय. गरुड ऊन तापल्यावर वर चढतोय आन् तिथनं वरडतोय. आत्ता कशाला वरडंल?"

गरुड झाडावर बसूनही कधी ओरडतो, तेव्हा नुसत्या वेळेवर निकाल देता येत नाही. मग घरी येऊन स्पेक्ट्रोग्राम उघडला, म्हणजे आवाजाचं चित्र: आडवा वेळ, उभी पट्टी. उंच आकाशातून आलेली शीळ वाटेतच पुसट होते, तिच्या वरच्या पट्टीतल्या रेषा आधी जातात. माझ्या चित्रात 'गरुडाच्या' रेषा अगदी ठळक होत्या. शिक्रा आणि हरेवाच्याही तितक्याच ठळक, आणि शेवटी भृंगराजाची स्वतःची धातूसारखी हाकही तितक्याच जवळून. चारही आवाज एकाच फांदीवरून, एकामागून एक, कुठेही एकमेकांवर न चढता. भृंगराज हा पक्का नकलाकार. बर्डनेटने नक्कल बरोबर ओळखली होती, फक्त गळा कोणाचा ते त्याला कळायचा मार्ग नव्हता. आणि खऱ्या मालकाला त्याने सर्वात कमी गुण दिले होते.

म्हणजे ०.९१ याचा अर्थ '१०० पैकी ९१ वेळा बरोबर' असा होत नाही. शिकवताना ऐकवलेल्या सर्पगरुडाच्या आवाजांशी हा तुकडा किती जुळला, एवढंच तो सांगतो.

याच फाइलमध्ये कुटुर्गा ०.३१ वर पडला होता. जुन्या सवयीने मी तो पुसलाच असता. पण सलग चौदा तुकड्यांत तोच पक्षी, गुण ०.२५ ते ०.३८. ऐकलं तर दरीपलीकडून खरंच 'कुटुर्र, कुटुर्र' चालू होतं. लांबचा, पुसट आवाज, म्हणून गुण कमी. पण सलग आला म्हणून डोळे मिटून धरू नका, रातकिडाही सलगच किरकिरतो.

आता मी प्रत्येक पक्ष्याची चाळणी वेगळी ठेवतो. किमान गुणाची मर्यादा ०.१ वर आणून बर्डनेट चालवतो, मग एका पक्ष्याचे वरचे, मधले, खालचे असे मिळून पन्नासेक तुकडे काढून ऐकतो आणि प्रत्येकापुढे बरोबर की चूक लिहितो. कोणत्या गुणाच्या वर चुका जवळजवळ थांबतात ते त्यावरून दिसतं. कुटुर्ग्याची रेघ बरीच खाली आली. ती रेघ माझ्या रेकॉर्डरची आणि त्या जंगलाची. रंकाळ्याच्या रहदारीत ती पुन्हा काढावी लागली.

सर्पगरुडाची रेघ अजून काढता आलेली नाही. माझ्याकडचे त्याचे सोळा तुकडे ऐकून झाले, त्यातले अकरा भृंगराजाचे निघाले.