लग्नात दोन भाषांची कोटी करताना या चुका टाळा: ‘नाती’ आणि ‘पोती’

विदर्भातल्या खेड्यातून मुलगी मध्य प्रदेशात दिली की मांडवात दोन भाषा येतातच. वरूड, मोर्शी, काटोल, गोंदिया या पट्ट्यात हे नवं नाही. १९५६ पर्यंत विदर्भ आणि जबलपूरकडचा महाकोशल एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर होती. त्यामुळे तिकडच्या सोयरिकी जुन्या आहेत आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसालाही हिंदी कळते. जबलपूरकडून आलेल्या पाहुण्यांना मात्र मराठी कळेलच असं नाही. लग्नात बोलायला उभ्या राहणाऱ्या मामाजींनी सगळ्यात आधी हा फरक लक्षात घ्यायला हवा. आपली माणसं दोन्ही कानांनी ऐकतात, सोयरे एकाच कानाने.

माझे मोठे मामा शेतकरी आहेत आणि बोलायला फार गोड. भाचीच्या लग्नासाठी त्यांनी एक कोटी शोधून काढली. इतकी नेमकी कोटी मी दुसरी ऐकलेली नाही, आणि तीच मांडवात त्यांच्या हातून बिघडली. म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

कोटी अशी. मराठीत ‘नाती’ म्हणजे नातेसंबंध. हिंदीत ‘नाती’ म्हणजे मुलीचा मुलगा. मराठीत ‘पोती’ म्हणजे धान्याची पोती, हिंदीत ‘पोती’ म्हणजे मुलाची मुलगी. मुलीकडच्या माणसाने मुलाच्या वडिलांना म्हणायचं: “हमारे घर नाती आए, आपके घर पोती आए.” आपल्या लोकांना ऐकू येतं की आमच्या घरी माणसं जोडली जावोत आणि तुमच्या घरी धान्य येवो. सोयऱ्यांना ऐकू येतं की तुमच्या लेकीच्या मुलाने तुमचं अंगण भरो आणि आमच्या मुलाच्या मुलीने आमचं. दोन्ही आशीर्वादच आहेत आणि दोन्ही नात्याच्या हिशेबात बसतात. शिवाय मराठीत ‘नात’चं अनेकवचनही नातीच, त्यामुळे आजीबाईंच्या कानाला तिसरा अर्थही लागतो, तोही शुभच.

बाजू उलटी करू नका

सरावात मामांनी पहिल्यांदा म्हटलं, “हमारे घर पोती आए.” मराठीत यात काहीच वावगं नाही, तूर तर मामांच्याच घरी होती. पण हिंदीत मुलीच्या माहेरी पोती येतच नाही. लेकीची मुलगी तिथे नातिन असते. सोयऱ्यांना वाटेल की मामाजींना नातंच कळत नाही, आणि मग हसू येईल ते कोटीवर येणार नाही. मुलीकडचा माणूस बोलत असेल तर नाती आपल्या घरी, पोती त्यांच्या घरी. मुलाकडचा माणूस उत्तर देईल तेव्हा हे उलटेल. हे कागदावर लिहून घ्या. माईक हातात आला की भल्याभल्यांचा डावा-उजवा हात चुकतो.

आकडा लावू नका, शब्दाचं शेपूट बदलू नका

ही बारीक चूक आहे, पण कोटी इथेच मरते. मराठीत ‘पोती’ हे अनेकवचन आहे, हिंदीत ते एकवचन. हिंदीत एकीपेक्षा जास्त झाल्या की ‘पोतियाँ’ होतं. म्हणजे दोन्ही भाषा फक्त ‘पोती’ या एकाच रूपावर भेटतात. कुणी शुद्ध हिंदीच्या भरात ‘पोतियाँ आएँ’ म्हटलं की मराठी अर्थ गेला. ‘दस पोती आए’ म्हटलं तर सोयऱ्यांना ती मोडकी हिंदी वाटेल, वर दहा नातींची मागणी ऐकू येईल.

आपल्या बोलीची अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे बोलताना सर्रास ‘दहा पोते तूर झाली’ असं म्हणतात. मामाही तसंच म्हणतात. पण हिंदीत ‘पोते’ म्हणजे मुलाचे मुलगे. ‘आपके घर पोते आएँ’ हे वाक्य हिंदीत अगदी बरोबर आहे, मराठीतही कोटी जुळते, फक्त आशीर्वाद बदलतो. मुलीकडच्या माणसाने भर मांडवात ‘तुम्हांला नातूच होवोत’ म्हटल्यासारखं होतं. मला ते पटत नाही आणि मामांनाही पटलं नसतं. म्हणून आम्ही ‘ती’वर अडून बसलो. दोन दिवस ते बैलांना पाणी पाजताना ‘पोती, पोती’ म्हणत होते.

‘समधी’चा उच्चार आधी पक्का करा

इवाई म्हणजे हिंदीत समधी. साक्षगंधाला मामांनी नवरदेवाच्या वडिलांना मोठ्या प्रेमाने ‘समाधीजी’ म्हटलं होतं. समाधीचा अर्थ दोन्ही भाषांत एकच, त्यामुळे सगळ्यांनाच समजलं आणि कुणीच हसलं नाही. उपाय सोपा आहे. ‘दमडी’ जशी म्हणता तसंच ‘समधी’ म्हणा, मधला ‘म’ अर्धा आणि ‘धी’वर जोर. मामांना हे एकदाच सांगावं लागलं.

कोटीच्या आधी जमीन तयार करा

नुसतं वाक्य टाकलं तर ऐकणाऱ्याला एकच अर्थ लागतो, कारण दुसऱ्या अर्थाचा विचारच त्याच्या डोक्यात नसतो. हिंदी वाक्य ऐकणारा आपला माणूसही हिंदीच अर्थ घेतो. म्हणून आधीच्या दोन वाक्यांत दोन्ही वाटा मोकळ्या कराव्या लागतात. मामांचं ठरलं होतं ते असं:

“समधीजी, इस साल हमारी तूर अच्छी हुई है, घर भरा है. अब आँगन भी भरना चाहिए. भगवान से एक ही बात माँगता हूँ: हमारे घर नाती आए, आपके घर पोती आए.”

‘तूर’ ऐकली की मराठी कान पोत्यांकडे वळतो, ‘आँगन’ ऐकलं की हिंदी कान लेकरांकडे. वाक्याचा सांगाडा हिंदी ठेवला, कारण तो दोन्हीकडे कळतो. ‘आमच्या घरी नाती येवोत’ असं मराठीत म्हटलं असतं तर जबलपूरच्या माणसाच्या हाती एक सुटा शब्द लागला असता, बाकी काही नाही.

हशा आला की थांबा

मामा इथे चुकले. लग्न वैशाखातलं, मांडव कापडी, ऊन डोक्यावर. मंगलाष्टकं झाली, सगळे पंगतीकडे वळायच्या आत मामांनी माईक घेतला आणि वाक्य अगदी नीट म्हटलं. आधी आमच्या बायका हसल्या, मग सोयरे हसले, आणि दोन्हीकडचे एकमेकांकडे बघून पुन्हा हसले. मामांनी तिथेच बसायला हवं होतं. त्यांनी पुढे म्हटलं, “और भाव अच्छा मिला, तो बाजार में बेच देंगे.”

मराठीत हे सरळ आहे. तूर घरात भरून ठेवतात, भाव चढला की बाजार समितीत नेतात. मामांच्या डोक्यात पोती म्हणजे तूरच होती. हिंदीत मात्र त्यांनी मुलाकडच्या घरातली नात बाजारात विकायला काढली होती. नवरदेवाची आजी पुढच्याच खुर्चीवर होती. तिने पदर तोंडाला लावला आणि मुलाकडे बघितलं. आमची माणसं अजून हसतच होती, आणि त्या हसण्याने ते जास्तच लागलं.

नंतर मामा मला म्हणाले, “लोकं हासून रायले होते, मले वाटलं अजून एक टाकतो.” हे स्वाभाविक आहे. दुअर्थी शब्दाचे दोन अर्थ एकाच वाक्यात भेटतात आणि पुढच्या वाक्यापासून वेगळे होतात. पुढचं वाक्य एका अर्थाला धरून केलं की दुसऱ्या अर्थाचं काय होतं ते बोलणाऱ्याला दिसत नाही, कारण तो स्वतः एकाच अर्थात उभा असतो. विकणं, तोलणं, भाव, वजन, उंदीर, कीड हे सगळे शब्द पोत्यांना लागतात. माणसाच्या लेकीला यातला एकही लावता येत नाही.

लागलंच, तर फोड करा, पण ज्याला लागलं त्याच्याजवळ

एरवी कोटी समजावून सांगू नये. ज्याला कळली नाही त्याला शेजारचा सांगतो, आणि ते सांगणं ऐकायला बरं वाटतं. पण कुणाचं मन दुखलं तर हा नियम सोडा. मामांनी माईकवर सारवासारव केली नाही. माईक खाली ठेवला, आजींच्या खुर्चीपाशी गेले, खाली वाकले आणि म्हणाले, “दादीजी, हमारी मराठी में पोती मतलब बोरी. मैं तूर की बोरी की बात कर रहा था. गलती हो गई.” तीन छोटी वाक्यं. आजी लगेच हसल्या नाहीत. पण त्यांनी हात वर केला, मामांच्या खांद्यावर ठेवला, आणि पंगत सुरू झाली.

तपासायचं कुणाकडून

आम्ही सरावात एक चूक केली, ती सांगतो. माझा मेहुणा नागपूरला असतो, दोन्ही भाषा पाण्यासारख्या बोलतो. ही कोटी आम्ही फक्त त्यालाच ऐकवली आणि तो खूश झाला. दोन्ही भाषा येणारा माणूस कोटीच्या जोडावरच खूश होतो, एका बाजूने ती कशी लागते हे त्याला जाणवत नाही. तपासायला दोन माणसं हवीत. एक फक्त हिंदी बोलणारं, सोयऱ्यांकडचंच असेल तर उत्तम, आणि एक घरातलं मराठी बोलणारं म्हातारं माणूस. दोघांना वेगवेगळं ऐकवायचं आणि ‘आवडलं का’ असं विचारण्याऐवजी ‘काय ऐकलं, सांगा’ असं विचारायचं.

मामांच्या वहीतल्या इतर वाक्यांमधले दोन शब्द अशाच चाचणीत आधीच गळले होते. ‘हमने बेटी को अच्छी शिक्षा दी’ हे वाक्य माझ्या आजीला ऐकवलं तर ती म्हणाली, “पोरीले कायले शिक्षा केली?” आणि ‘यह शादी दो घरों का राजीनामा है’ हे हिंदीत समेट म्हणून शोभतं, मराठीत मात्र लग्नाच्या दिवशीच कुणीतरी काम सोडल्यासारखं वाटतं. ‘संसार’ टिकला. हिंदीत जग, मराठीत घरसंसार. ‘बिटिया का संसार सुखी रहे’ दोन्हीकडे गोडच लागतं. ‘बेच देंगे’ मात्र वहीत नव्हतंच, म्हणून ते कुणाला ऐकवलं गेलं नाही.

तीन दिवसांनी जबलपूरला रिसेप्शन होतं. मामांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तुरीपासून पोतीपर्यंत, आणि खाली बसले. गाडीत त्यांनी अर्धं पोतं तुरीची डाळ आणली होती. ते आजींच्या खोलीच्या दाराशी ठेवताना एवढंच म्हणाले, “दादीजी, यह वाली पोती.” आजींनी पोत्यावर हात ठेवून बघितला आणि सुनेला हाक मारली की आजचं वरण याच डाळीचं कर.