घर, शाळा आणि घरातल्या वेळा व्हिडिओतून कळू नयेत म्हणून काय करावं

लातुरात राहणाऱ्या, स्वयंपाकाचे व्हिडिओ करणाऱ्या एक ताई आहेत असं धरू. घरात नवरा, सासूबाई आणि चौथीतली मुलगी. त्यांनी एकाही व्हिडिओत पत्ता सांगितलेला नाही. पण एखादा अनोळखी माणूस त्यांचे पंधरा-वीस व्हिडिओ लागोपाठ पाहतो, तेव्हा त्याला काय मिळतं ते बघा.

एका व्हिडिओत त्या म्हणतात, “आठ दिवसांनी आज नळाला पाणी आलं, म्हणून उशीर झाला.” आपल्याकडे पाण्याची पाळी भागाप्रमाणे ठरलेली असते, त्यामुळे व्हिडिओची तारीख आणि पाणी आल्याचा दिवस जुळवला की शहराचा बराचसा भाग बाद होतो. दुसऱ्या व्हिडिओत भाजी धुताना मागच्या खिडकीतून पाण्याची उंच टाकी दिसते. टाकी घराच्या कोणत्या बाजूला आणि साधारण किती लांब आहे, हे नकाशावर लावून बघता येतं. तिसऱ्यात गॅलरीतल्या दोरीवर शाळेचा गणवेश वाळतोय, खिशावरचा बिल्ला स्पष्ट दिसतो. चौथ्यात त्या सहज बोलून जातात, “सात वाजून दहाला व्हॅन येते, त्याच्या आत डबा झाला पाहिजे.” पाचव्यात, “आमचे हे सोमवारी परभणीला ड्युटीवर जातात ते शनिवारीच येतात.”

यातलं एकही वाक्य पत्ता नाही. पण पाचही जोडली की वस्ती कळते, शाळा कळते, मुलगी गेटवर कधी उभी असते ते कळतं आणि घरात फक्त बाया न् लेकरू कोणत्या दिवशी असतात तेही कळतं. म्हणून एकेक व्हिडिओ तपासून भागत नाही. सगळं चॅनल एकत्र समोर ठेवून तपासावं लागतं.

आधी स्वतःचं चॅनल परक्या माणसासारखं पाहा

एक वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा: कुठे, कधी, कोण. सगळ्यात जास्त पाहिलेले आणि अलीकडचे मिळून वीस व्हिडिओ निवडा. प्रत्येक व्हिडिओ दोनदा बघायचा. पहिल्यांदा आवाज बंद करून. तेव्हा तुमचं लक्ष स्वतःच्या बोलण्यावरून हटतं आणि मागची भिंत दिसायला लागते: दारावरची पाटी, फ्रिजवर चुंबकाने लावलेलं महावितरणचं बिल, टेबलावरची लग्नपत्रिका, स्कूटरचा नंबर, स्टीलच्या टाकीत किंवा आरशात उमटलेलं समोरचं दुकान. कॅमेरा एका जागेवरून दुसरीकडे फिरतो ते दोन-तीन सेकंद थांबवून थांबवून बघा. बहुतेक गोष्टी तिथेच सुटतात, कारण शूट करताना तुमची नजर पुढच्या जागेवर असते.

दुसऱ्यांदा स्क्रीन उलटी ठेवा आणि फक्त ऐका. घंटागाडीचं गाणं, मंदिरातली आरती, शाळेची प्रार्थना, बसस्थानकावरची घोषणा, शेजारणीने मारलेली हाक. नावं, वेळा, वार जे कानावर पडेल ते त्या-त्या रकान्यात लिहा.

वीस व्हिडिओ झाले की वही घरच्या नसलेल्या कुणाला तरी द्या, दूरची मैत्रीण असेल तर उत्तम. तिला म्हणा, “यावरून माझं घर शोधून दाखव.” ती गल्लीपर्यंत पोचली, तर कोणत्या दोन-तीन नोंदींमुळे पोचली ते विचारा. दुरुस्ती त्याच नोंदींपासून सुरू करायची.

शूटिंगची जागा एकच ठरवा

घरातली अशी एक भिंत निवडा जिच्या चौकटीत खिडकी, दार, आरसा येत नाही. ओट्याजवळच शूट करायचं असेल तर खिडकीला जाडसर पडदा लावा. जाळीच्या पडद्यातून दुपारी बाहेरचं सगळं दिसतं. मोबाईल कुठे ठेवायचा तिथे फरशीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा, म्हणजे रोज तीच चौकट येईल आणि रोज नव्याने तपासायची गरज पडणार नाही. पूर्ण घर फिरवून दाखवणारा व्हिडिओ करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दारं, कड्या, मागचा जिना, कपाटाची खोली हे सगळं त्यात एका फेरीत दिसतं.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची नोंद करण्याचा पर्याय असतो, तो बंद करा. तो चालू असेल तर फोटोच्या फाईलमध्येच ठिकाण साठवलं जातं आणि व्हॉट्सॲपवर तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की ती नोंद सोबत जाते.

ब्रँडचं पार्सल कॅमेऱ्यासमोर उघडायचं असेल तर लेबल आधीच फाडून टाका. त्यावर तुमचा पूर्ण पत्ता आणि मोबाईल नंबर दोन्ही असतात.

वेळ लपवणं ठिकाण लपवण्याइतकंच मोठं काम आहे

वेळा अमावस्येचं उदाहरण घ्या. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडे अर्धं शहर शेतात असतं, आंबील न् भज्जी खायला. दुपारी बाराला कोपीपुढचं रील टाकलं तर त्याचा अर्थ एवढाच होतो की घराला कुलूप आहे आणि संध्याकाळपर्यंत राहणार आहे. महालक्ष्म्यांच्या दिवसांत उलट होतं: अंगावरचे आणि देवीवरचे दागिने, घराची आतली मांडणी आणि आजची तारीख एकाच व्हिडिओत येते.

याला नियम साधा आहे. बाहेरचा कोणताही व्हिडिओ घरी परतल्यावरच टाकायचा. लग्न, जत्रा, सहल यांचा आठवडाभराने टाका. रोज एकाच रस्त्याने, एकाच वेळी फिरायला जात असाल तर तो रस्ता व्हिडिओत घेऊच नका, उशिरा टाकून उपयोग नाही, कारण उद्याही तुम्ही तिथेच असणार. एकदाच घडलेली गोष्ट उशिराने सांगितली तर चालते, पुन्हा पुन्हा घडणारी सांगायचीच नाही.

बोलतानाही हाच फरक ठेवा. “हे दर सोमवारी जातात” याऐवजी काही न बोललेलं बरं. लाईव्ह करायचं असेल तर फक्त ठरलेल्या भिंतीपुढून करा, आणि घरात आणखी कुणी मोठं माणूस असताना करा. लाईव्हमध्ये दारावरची बेल, मुलाची हाक, काहीच कापता येत नाही.

खेड्यात राहून शेतीचे व्हिडिओ करणाऱ्यांसाठी हे आणखी महत्त्वाचं आहे. गावाचं नाव आणि तुमचं पूर्ण नाव कळलं की सातबारा ऑनलाईन कुणालाही बघता येतो, त्यात गट नंबरही असतो. गावात घर कुणाचं हे तर चावडीवर विचारलं तरी सांगतील. तिथे ठिकाण लपवण्यात शक्ती घालवू नका. मोटार चालू करायला रात्री एकटे कधी जाता, माल विकून रोख रक्कम कधी आणता, आई-वडील आखाड्यावर एकटे कधी असतात, हे मात्र कधीही सांगू नका.

लेकरांची शाळा

गणवेश, टाय, ओळखपत्राची पट्टी, दप्तरावरचं नाव, वहीवरचं लेबल, व्हॅनवरचा नंबर, गॅदरिंगच्या स्टेजमागचा फलक या सगळ्यांत शाळा दिसते. लातूर-नांदेडला तर ट्यूशनची बॅगही क्लासचं नाव छापून मिळते. मूल शाळेतून आल्यावर कपडे बदलल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही, हा एक नियम बऱ्याच गोष्टी सांभाळतो. निकालाचा कागद दाखवू नका, त्यावर शाळा, जन्मतारीख आणि आईचं नाव एकत्र असतं.

मुलाचं खरं नाव आणि घरातलं लाडाचं नाव दोन्ही व्हिडिओत वापरू नका. गेटवर उभं असलेलं लेकरू, “चिऊ, मम्मीने पाठवलंय मला” असं ऐकलं की विश्वास ठेवतं. घरात एक गुपित शब्द ठरवा. तो न सांगणाऱ्याबरोबर जायचं नाही, हे मुलाला आणि व्हॅनवाल्या काकांनाही सांगून ठेवा.

जुने व्हिडिओ आणि कमेंट

वहीत सापडलेला जुना व्हिडिओ आधी Private करा आणि मग दुरुस्त करा. यूट्यूबवर व्हिडिओ पुन्हा टाकावा लागत नाही. संगणकावर studio.youtube.com उघडून व्हिडिओ निवडा, Editor मध्ये जा. नको तो तुकडा Trim ने कापता येतो. पाटी, नंबर, बिल्ला यांच्यासाठी Blur मध्ये Custom blur आहे, चेहऱ्यांसाठी Face blur. लिंक, व्ह्यूज, कमेंट तशाच राहतात. बदल लागू व्हायला वेळ लागतो आणि तोवर जुनाच व्हिडिओ दिसतो, म्हणून आधी Private. तयार झाल्यावर ती जागा पुन्हा चालवून बघा. हलत्या वस्तूवरचा धूसर चौकोन कधी कधी मागे राहतो आणि एखादं सेकंद नंबर उघडा पडतो. ज्यांनी आधीच व्हिडिओ उतरवून घेतलाय त्यांच्याकडची प्रत मात्र तशीच राहणार.

कमेंटमधून पत्ता फुटतो तो बहुतेक आपल्याच माणसांमुळे. मावशी कौतुकाने लिहिते, “आमच्या कॉलनीची शान!” आणि कॉलनीचं नाव घालते. Studio च्या Settings मध्ये Blocked words ची जागा आहे. तिथे कॉलनी, शाळा, मुलांची नावं, नवऱ्याच्या ऑफिसचं नाव टाका, मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपींत, वेगवेगळ्या स्पेलिंगसह. असे शब्द असलेल्या कमेंट तुमच्या तपासणीसाठी थांबतात.

कुणी दारात आलंच तर

दार उघडू नका. एकट्या असाल तर तसं बोलून दाखवू नका, शेजाऱ्यांना फोन करा. माणूस हटत नसेल तर 112 वर लगेच फोन लावा. मेसेज, कमेंट, प्रोफाईलची लिंक यांचे तारीख-वेळ दिसतील असे स्क्रीनशॉट काढा आणि मगच ब्लॉक करा. ब्लॉक केल्यावर काही गोष्टी पुन्हा दिसत नाहीत. बाईचा पाठलाग करणं, तिने नको म्हटल्यावरही संपर्क साधत राहणं आणि ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. तक्रार पोलीस ठाण्यात द्या किंवा cybercrime.gov.in वर करा. 1930 हा नंबर मुख्यतः पैशांच्या ऑनलाईन फसवणुकीसाठी आहे, दारात माणूस उभा असताना त्यावर वेळ घालवू नका.

घडलेला प्रकार त्याच दिवशी व्हिडिओत सांगू नका. “आज एक जण घरी आला होता” एवढं म्हटलं तरी त्याला आणि बाकीच्यांना कळतं की शोधलेलं घर बरोबर होतं.