दोन पातळ्यांच्या कॅशेचा सरासरी अॅक्सेस टाइम काढताना या चुका टाळा

गणितात ‘एल-२ चा मिस रेट २० टक्के’ असं दिसलं की आधी एक प्रश्न विचारायचा: कशाच्या २० टक्के? हा प्रश्न न विचारता थेट सूत्रात आकडे भरणाऱ्यांची उत्तरं तपासून मी खरोखर कंटाळलो आहे.

एक साधं उदाहरण घेऊ. एल-१ चा हिट टाइम १ सायकल आणि हिट रेट ९५ टक्के. एल-२ चा हिट टाइम १० सायकल आणि हिट रेट ८० टक्के. तिथेही डेटा नाही मिळाला, तर मुख्य मेमरीसाठी आणखी १०० सायकल. इथे एल-२ चे ८० टक्के म्हणजे एल-२ पर्यंत पोहोचलेल्या विनंत्यांपैकी ८० टक्के. याला लोकल हिट रेट म्हणतात. एल-१ मध्येच काम झालेल्या विनंत्या एल-२ ला दिसतच नाहीत. मग सरासरी अॅक्सेस टाइम, म्हणजे AMAT, सायकलमध्ये असा येतो:

```
AMAT = 1 + 0.05 × (10 + 0.20 × 100) = 2.5
```

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक. कंस विसरून `1 + 0.05 × 10 + 0.20 × 100` केलं की उत्तर २१.५ येतं. एल-१ मधून फक्त ५ टक्के विनंत्या खाली जातात, मग मेमरीपर्यंत २० टक्के जातीलच कशा? एकूण विनंत्यांच्या हिशेबात एल-२ चा मिस रेट, म्हणजे ग्लोबल मिस रेट, एल-१ च्या मिस रेटपेक्षा मोठा असूच शकत नाही. इथे तो ०.०५ × ०.२०, म्हणजे १ टक्का आहे.

उलट दिशेची चूक जास्त घातक, कारण तिचं उत्तर दिसायला छान असतं. एका प्रकल्पात सिम्युलेटरचे आकडे आले होते: एकूण १,००,००० अॅक्सेस, एल-१ चे ५,००० मिस, एल-२ चे १,००० मिस. ज्याने स्क्रिप्ट लिहिली त्याने दोन्ही मिसना एकूण अॅक्सेसने भागलं. एल-२ चा मिस रेट १ टक्का निघाला आणि तोच त्याने कंसाच्या आत घातला: `1 + 0.05 × (10 + 0.01 × 100)`, म्हणजे १.५५ सायकल. एल-१ ची चाळणी दोनदा लागली. त्या हिशेबात मेमरीचा वाटा जेमतेम ०.०५ सायकल दिसत होता, म्हणून एल-२ मोठा करून उपयोग नाही असं अहवालात लिहूनही झालं. खरा वाटा १ सायकल होता, म्हणजे एकूण वेळेच्या ४० टक्के. एल-२ चे मिस कमी करणं हाच सगळ्यात मोठा फायदा होता आणि नेमका तोच पर्याय खोडला गेला. स्क्रिप्ट चालली, आकडा वाजवी दिसला, म्हणून कोणी मागे वळून पाहिलं नाही.

म्हणून मी सूत्राच्या आधी १,००० विनंत्या कागदावर मांडतो. सगळ्या १,००० एल-१ मध्ये जातात: १,००० सायकल. ५० एल-२ मध्ये जातात: ५०० सायकल. १० मेमरीत जातात: १,००० सायकल. बेरीज २,५००, भागिले १,००० म्हणजे २.५. याला अर्धा मिनिट लागतो. ‘एवढा वेळ कोण घालवणार’ म्हणणाऱ्यांनाच नंतर तासभर चूक शोधत बसावं लागतं.

दुसरी चूक हिट टाइमची. काही जण `0.95 × 1 + 0.05 × (0.80 × 10 + 0.20 × 100)` लिहितात आणि २.३५ वर थांबतात. या गणितात आधी एल-१ तपासला जातो आणि मिस झाल्यावरच एल-२ कडे जायचं असतं, त्यामुळे एल-१ ची १ सायकल प्रत्येक विनंतीला लागते. मेमरीपर्यंत गेलेल्या विनंतीला एल-२ च्या १० सायकलही लागलेल्या असतात. हिट रेटने गुणायचंच असेल तर पूर्ण वेळ घ्या: १, ११ आणि १११. मग उत्तर पुन्हा २.५ येतं. मात्र प्रश्नात मेमरीचा वेळ ‘सुरुवातीपासून एकूण’ असा दिला असेल, तर त्यात वरच्या पातळ्यांचा वेळ परत मिळवू नका. ती ओळ दोनदा वाचा.

नॅनोसेकंद आणि सायकल एकत्र मिसळू नका. ३ गिगाहर्ट्झला ६० नॅनोसेकंद म्हणजे १८० सायकल.

हिट रेट पूर्णांकात आणू नका. ९८.५ चे ९९ केले की मिस एक तृतीयांशाने कमी होतात.

आणि २.५ म्हणजे प्रोसेसर प्रत्येक वेळी २.५ सायकल थांबतो असं समजू नका. आउट-ऑफ-ऑर्डर प्रोसेसरमध्ये अनेक मिस एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे त्यातला काही वेळ दुसऱ्या कामाआड झाकला जातो.